गावच्या अभ्यासिकेचा राऊटर रिसेट करायचा आहे: प्रकल्प नोंदी

6 नोव्हेंबर, संध्याकाळ

अभ्यासिकेचं नेट दुपारपासून रांगत होतं. पोट्टे पोलीस भरतीचे टेस्ट पेपर सोडवून रायले आणि पान उघडायला दोन-दोन मिनिटं. मग लक्षात आलं की वाय-फायचा पासवर्ड आता अर्ध्या गावाकडं आहे, पाराजवळ बसलेले लोकं पण आपल्याच नेटवर व्हिडीओ बघतात, म्हणून पासवर्ड बदलायचा ठरवला. दोन मिनिटांचं काम वाटलं होतं.

राऊटरच्या आत शिरायला अॅडमिन पासवर्ड लागतो आणि तो कोणालाच माहीत नाही. राऊटर तीन वर्षांपूर्वी ज्या सरांनी लावला त्यांची बदली झाली, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "आठवत नाई जी आता, काहीतरी शाळेच्या नावावरून ठेवला होता." शाळेच्या नावाचे जेवढे प्रकार सुचले तेवढे टाकून पाहिले आणि दहाव्यांदा चुकलं तसं पानावर आलं की आता दोन तासांनी या. म्हणजे आज बंद.

इथं लिहून ठेवतो कारण मुलं आज मला तेच विचारत होती. पासवर्ड तीन वेगवेगळे असतात. एक वाय-फायचा, जो मोबाईलमध्ये टाकतो. दुसरा अॅडमिनचा, जो राऊटरच्या सेटिंगच्या पानाला लागतो. तिसरा नेटवाल्याने दिलेला, तो राऊटरच्या आत एकदा भरलेला असतो आणि त्याच्या जोरावर राऊटर रोज स्वतःच नेटला जोडतो, आपल्याला कधी दिसत पण नाही. आपला हरवलाय दुसरा. पण रिसेट दाबलं की तिन्ही जातात, आणि तिसरा कोणीच लिहून ठेवलेला नसतो. म्हणून बटण दाबायला आज हात लावला नाही, एका पोट्ट्याने तर पिन शोधून आणली होती.

7 नोव्हेंबर

आज फक्त लिहून घेण्याचं काम केलं. रिसेटनंतर जे राऊटरमधून पुसलं जाणार ते आज, राऊटर चालू असताना, बाहेरून जेवढं वाचता येईल तेवढं वाचून घ्यायचं.

आधी ग्रंथपाल काकाजींच्या जुन्या कम्प्युटरच्या ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड पाहिले. सरांनी राऊटर याच मशीनवरून सेट केला असणार असा अंदाज होता. राऊटरच्या पत्त्यासमोर एक पासवर्ड सापडला पण, आणि दोन तास उलटलेले असल्याने टाकूनही पाहिला, चालला नाही, त्यानंतर कधीतरी बदलला असणार. पण ज्याचा पासवर्ड हरवलाय त्याने ही जागा पहिले पाहावी, कारण इथं मिळाला तर रिसेटची गरजच संपते.

मग लॅपटॉप वाय-फायला जोडून काळ्या खिडकीत हे टाकलं:

```
ipconfig
arp -a
netsh wlan show profile name="Abhyasika" key=clear
```

पहिल्या कमांडमध्ये `Default Gateway` च्या ओळीत राऊटरचा पत्ता दिसतो, आपला `192.168.1.1` आला. राऊटर उलटा करून खालचं स्टिकर पाहिलं तर तिथं `192.168.0.1` छापलंय. दोन्ही वहीत लिहिले. म्हणजे सरांनी हा पत्ता मुद्दाम बदललेला होता, कशासाठी ते आज कळलं नाही.

दुसरी कमांड जोडलेल्या यंत्रांची यादी देते, एकेका पत्त्यासमोर त्या यंत्राचा मॅक, म्हणजे कंपनीतून येणारा बारा अक्षरांचा ओळख नंबर. कॅमेऱ्याचा डीव्हीआर `192.168.1.50` वर, प्रिंटर `192.168.1.60` वर. यादीत एखादं यंत्र दिसलं नाही तर त्याला आधी `ping` करायचं आणि मग परत पाहायचं, प्रिंटर मला तसाच सापडला. तिसऱ्या कमांडमध्ये `Key Content` च्या पुढे वाय-फायचा पासवर्ड जसाच्या तसा दिसतो, कॅपिटल-स्मॉल सकट. ती फक्त अशाच लॅपटॉपवर चालते जो आधी या वाय-फायला जोडलेला आहे, आणि कमांडची खिडकी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली बरी.

राऊटरच्या मागच्या वायरींचा फोटो काढला. कोणती वायर निळ्या `WAN` खाचेत आहे ते फोटोत स्पष्ट यायला पाहिजे, नंतर अंधारात बसून आठवत बसायचं काम नाही.

राहिलं ते तिसऱ्या पासवर्डचं. नेटवाल्या भाऊंना फोन लावला, ते शेतात होते, कापूस वेचायला माणसं लावलेली, म्हणाले रात्री पाठवतो.

9 नोव्हेंबर

काल रात्री यूजरनेम आणि पासवर्ड मेसेजवर आला. ही जोडी खरी आहे का ते रिसेटच्या आधीच तपासायचं ठरवलं, कारण नंतर चुकीची निघाली तर अभ्यासिका बंद आणि भाऊ पुन्हा शेतात.

तपासायची पद्धत अशी. भिंतीवर फायबरचा जो पांढरा डबा आहे त्यातून एक वायर राऊटरच्या `WAN` मध्ये जाते. ती काढून सरळ लॅपटॉपमध्ये लावायची आणि लॅपटॉपवरूनच डायल करायचं. विंडोजमध्ये सेटिंगमध्ये डायल-अप, तिथं नवीन कनेक्शन, मग ब्रॉडबँडचा पर्याय आणि यूजरनेम-पासवर्ड भरायचा. हे जमतं कारण आपला फायबर डबा नुसता पूल आहे, लाईन जशी येते तशी पुढे देतो, आणि डायल राऊटर करतो. ज्यांच्याकडे डबाच डायल करतो आणि वाय-फाय पण तोच देतो त्यांनी हे करू नये, तिथं सगळं त्या डब्यात असतं.

डायल केलं आणि एरर `691`. अक्षर अन् अक्षर पुन्हा तपासून टाकलं, परत `691`. हा नंबर आला की पहिल्यांदा वाटतं पासवर्ड चुकला, पण त्यामागं अजून दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे राऊटर आत्ताच काढला तरी पलीकडच्या सर्व्हरला तो अजून जोडलेलाच वाटत असतो, आणि एका खात्यावर एकच जोडणी चालते. म्हणून दहा मिनिटं थांबलो, चहा झाला, पुन्हा `691`. म्हणजे ते कारण नव्हतं.

भाऊंना फोन केला, त्यांनी पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा पासवर्ड बरोबर आहे, पण मॅक लॉक आहे ना जी, लॅपटॉपवर काहून चालन?" म्हणजे दुसरं कारण हे. खातं राऊटरच्या मॅकशी बांधलेलं, दुसरं कोणतंही यंत्र त्याच पासवर्डने आलं तरी दार उघडत नाही. त्यांनी लॉक काढला, मी डायल केलं, लगेच जोडलं गेलं. फार बरं वाटलं. वायर परत राऊटरला लावली आणि नेट आलंच नाही.

अर्धा तास वायरी हलवून पाहिल्या. राऊटरचा `WAN` दिवा लागलेला, फायबर डब्यावर `PON` हिरवा स्थिर, `LOS` चा लाल दिवा बंद, म्हणजे लाईन चांगली आणि वायर पण चांगली. मग डोक्यात आलं. लॉक काढल्यावर जे यंत्र पहिले डायल करतं त्याच्याशी खातं पुन्हा बांधलं जातं, आणि पहिले डायल केलं माझ्या लॅपटॉपने. आता राऊटरच परका झाला.

यातून दोन वाटा असतात. एक, राऊटरमध्ये मॅक क्लोनच्या पानावर लॅपटॉपचा मॅक भरायचा, म्हणजे राऊटर लॅपटॉपचं नाव सांगून आत जातो. पण त्यासाठी अॅडमिन पासवर्ड पाहिजे आणि तोच नाही. दुसरी, भाऊंना पुन्हा लॉक काढायला सांगायचं. रात्री नऊला सांगितलं, त्यांनी काही कुरकुर न करता काढला, राऊटर बंद-चालू केला आणि नेट आलं. मुलं तोवर मोबाईलच्या डेटावर टेस्ट देत बसली होती, त्याचं वाईट वाटलं. लॅपटॉपवर तपासायचं असेल तर लॉक दोनदा काढावा लागेल हे नेटवाल्याला आधीच सांगून ठेवायला पाहिजे होतं.

एवढं झालं तरी मोठी गोष्ट हाती आली. यूजरनेम-पासवर्ड खरा आहे हे पक्कं कळलं. आणि रिसेटने राऊटरचा स्वतःचा मॅक बदलत नाही, तो स्टिकरवर छापलेलाच राहतो, म्हणून रिसेटनंतर लॉक आडवा येणार नाही. फक्त सरांनी मॅक क्लोन केलेला असेल तर तो पुसला जाईल. भाऊंना विचारलं की आज रात्री राऊटर जोडला तेव्हा कोणता मॅक दिसला, त्यांनी वाचून दाखवला, स्टिकरवरच्याशी पाच जोड्या जुळल्या आणि शेवटची जोडी एकाने पुढे होती. राऊटरच्या `WAN` बाजूचा मॅक असा एखाद्या आकड्याने वेगळा असतो, त्यामुळे हा त्याचाच. क्लोन नाही.

10 नोव्हेंबर

दिवसभर लाईट येऊन-जाऊन. आज हात लावला नाही. रिसेट होताना करंट गेला तर सेटिंग अर्धवट लिहिली जायची, तेवढ्यासाठी घाई कशाला. घरून राऊटरचा छोटा बॅकअप डबा आणला, बारा व्होल्टचा, आणि राऊटरच्या अडाप्टरवर पण बाराच लिहिलंय ना ते पाहून मग जोडला.

मुलांनी विचारलं की रिसेट केल्यावर रिचार्ज जाईल का. नाही जात. प्लॅन नेटवाल्याकडे खात्यावर आहे, राऊटरमध्ये नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर आहे, ते पण राहतं. राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलेलं असेल तर ते जुनं होत नाही. पुसलं जातं ते फक्त माणसाने भरलेलं: अॅडमिन पासवर्ड, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, नेटवाल्याचं यूजरनेम-पासवर्ड, राऊटरचा बदललेला पत्ता, यंत्रांना बांधून दिलेले पत्ते, रात्री वाय-फाय बंद करायची वेळ.

11 नोव्हेंबर, सकाळी 7

मुलं यायच्या आत करून टाकलं.

पहिले एक गोष्ट. भिंतीवरच्या फायबर डब्याला पण मागे `RESET` चं छिद्र आहे. त्याला अजिबात हात लावायचा नाही. त्यात नेटवाल्याने पाठवलेली सेटिंग असते, ती पुसली की त्यालाच यावं लागतं किंवा तिकडून परत पाठवावी लागते, आपल्याकडून भरता येत नाही. दोन्ही डबे शेजारी-शेजारी आहेत म्हणून फायबर डब्याच्या छिद्रावर चिकटपट्टी लावली.

राऊटरवर बटण एकच आहे, `WPS/RESET` असं लिहिलेलं. थोडं दाबलं तर तो वाय-फाय जोडणीचा दिवा लुकलुकवतो, रिसेट होत नाही. पहिल्यांदा मी पाचेक सेकंदच दाबलं आणि तेच झालं, सेटिंग जशीच्या तशी. दुसऱ्यांदा राऊटर चालू ठेवून दाबून धरलं, मनात दहापर्यंत मोजलं, सगळे दिवे एकदम विझून परत लागले तेव्हा सोडलं. राऊटर बंद असताना दाबून काही होत नाही, वीज चालूच पाहिजे. आणि नुसतं बंद-चालू करणं म्हणजे रिसेट नव्हे, त्याने एक अक्षर पुसलं जात नाही.

दोन मिनिटं थांबलो. `Abhyasika` नाव वाय-फायच्या यादीतून गेलं आणि स्टिकरवरचं कंपनीचं नाव आलं, म्हणजे रिसेट खरंच झालं. हीच खूण पाहायची. वायरने लॅपटॉप राऊटरच्या पिवळ्या खाचेत लावला आणि ब्राउजरमध्ये `192.168.0.1` टाकलं. नवीन पासवर्ड ठेवा म्हणून पान आलं. पाच दिवसांनी आत शिरलो. जुन्या राऊटरवर इथं `admin` आणि `admin` चालतं, ते तसंच ठेवायचं नाही, नाहीतर वाय-फायला जोडलेला कोणीही आत जाऊ शकतो.

पुढचं पान विचारतं की नेट कोणत्या प्रकारचं. राऊटरने आपोआप शोधायचा प्रयत्न केला आणि `Dynamic IP` निवडून मोकळा झाला. ते तसंच पुढं नेलं असतं तर नेट आलं नसतं, कारण आपल्या लाईनला डायल लागतं. हाताने `PPPoE` निवडलं, यूजरनेम-पासवर्ड मेसेजमधून कॉपी न करता टाईप केला, कारण कॉपीत शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते आणि ती दिसत नाही. बाकी काही बदललं नाही. `Connect` दाबलं, वीस-पंचवीस सेकंदांनी `Connected`. खाली पत्त्याच्या जागी `0.0.0.0` असेल तर जोडलेलं नसतं, आपल्याकडे आकडे आले.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड आज मुद्दाम जुनाच भरला, `Key Content` मधला. गावाला माहीत असलेला पासवर्ड परत ठेवायला जिवावर आलं, पण एका दिवशी एकच बदल बरा. जुनं नाव आणि जुना पासवर्ड असला की सगळी यंत्रं आपोआप जोडतात, आणि मग काही चाललं नाही तर दोष रिसेटचा की पासवर्डचा हे शोधत बसावं लागत नाही. काकाजींचा मोबाईल त्यांनी खिशातून काढायच्या आधीच जोडला गेला होता.

11 नोव्हेंबर, दुपार

मोबाईल चालले, टेस्ट चालल्या, पण प्रिंटर नाही आणि मोबाईलवर कॅमेरे नाहीत. डीव्हीआर वायरने जोडलेला आहे, त्याला वाय-फायशी देणंघेणं नाही, तरी बंद.

वही उघडली आणि सरांनी पत्ता का बदलला ते कळलं. डीव्हीआरच्या आत हाताने `192.168.1.50` भरलेलं आहे आणि बाहेर जायचं दार म्हणून `192.168.1.1`. आता राऊटर बसलाय `192.168.0.1` वर. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे दोघं वेगवेगळ्या गल्लीत, डीव्हीआर जुन्या दारावर ठोकतोय आणि तिथं कोणीच नाही. डीव्हीआर बदलायचा तर टीव्ही-माऊस जोडून त्याचा पण पासवर्ड शोधावा लागला असता. त्यापेक्षा राऊटरलाच जुन्या पत्त्यावर नेलं. `LAN` च्या पानावर `192.168.1.1` केलं, राऊटर स्वतः परत सुरू झाला. त्याच वेळी ब्राउजरमधलं पान अडकतं, ते बिघडलेलं नसतं, आता नवीन पत्त्यावर उघडायचं एवढंच. लॅपटॉपची वायर एकदा काढून लावली म्हणजे त्याला पण नव्या गल्लीतला पत्ता मिळतो. दोन मिनिटांत कॅमेरे आले.

प्रिंटरचं वेगळं होतं. त्याच्या आत काही भरलेलं नव्हतं, राऊटरच त्याला दरवेळी `192.168.1.60` देत होता, आणि ती बांधणी रिसेटमध्ये गेली. आता त्याला भलताच पत्ता मिळाला आणि कम्प्युटर जुन्या पत्त्यावर छापायला पाठवत राहिला. 7 तारखेच्या यादीतला प्रिंटरचा मॅक घेऊन `Address Reservation` मध्ये `192.168.1.60` शी बांधला, प्रिंटर बंद-चालू केला, आणि सकाळपासून अडकलेली चार हॉल तिकिटं एकदम बाहेर पडली.

14 नोव्हेंबर

तीन दिवस सगळं नीट चाललं म्हणून आज मूळ काम केलं. मुलांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू केलं, नवीन पासवर्ड फळ्यावर, दर महिन्याला बदलायचा. कम्प्युटर आणि प्रिंटरसाठी मुख्य नाव तेच ठेवून पासवर्ड बदलला, तो फक्त काकाजींकडे. रात्री वाय-फाय बंद व्हायची वेळ परत लावली, पण आधी राऊटरचं घड्याळ पाहिलं, ते रिसेटमध्ये साडेपाच तास मागं गेलेलं होतं, भारताची वेळ निवडल्यावर बरोबर झालं. वेळ चुकीची ठेवून रात्री साडेदहाला बंद व्हायचं लावलं असतं तर पहाटे चारला बंद झालं असतं.

शेवटी सेटिंगचा बॅकअप घेतला, `config.bin` नावाची फाईल उतरते. या फाईलबद्दल एक नीट लिहून ठेवतो. आपल्या राऊटरवर तिच्यात सगळं असतं, अॅडमिन पासवर्ड पण. म्हणजे पुढं कोणी पासवर्ड विसरला, रिसेट केला आणि ही फाईल परत चढवली तर तोच विसरलेला पासवर्ड परत येतो आणि माणूस पुन्हा बाहेर. फाईलसोबत पासवर्ड कागदावर पाहिजेच. आणि फाईल याच मॉडेलला चालते, दुसरा राऊटर आणला तर नाही.

पुस्तकांच्या दाखल रजिस्टरच्या शेवटच्या पानावर निळ्या पेनने लिहिलं: राऊटरचा पत्ता, अॅडमिन पासवर्ड, नेटवाल्याचं यूजरनेम-पासवर्ड, डीव्हीआर आणि प्रिंटरचे पत्ते, आणि त्याखाली "मॅक लॉक आहे, राऊटर बदलला तर आधी नेटवाल्याला फोन". काकाजींनी ते वाचून शून्य आणि इंग्रजी ओ सारखेच दिसतात म्हणून शून्यात आडवी रेघ मारून घेतली. रजिस्टर कपाटात, किल्ली त्यांच्याकडे आणि दुसरी सरपंच ताईंकडे. फाईल पेन ड्राईव्हमध्ये टाकून त्याच कपाटात ठेवली.